फोनच्या स्पीकरवर ‘नाही’ ऐकू यायला हवं: व्हॉइस नोटचं ईक्यू

प्रश्न: मोठ्या माइकवर व्हॉइस नोट रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवतो. हेडफोनवर आवाज भारदस्त वाटतो, पण लोक फोनच्या स्पीकरवर ऐकतात आणि म्हणतात, “अर्धं कळलंच नाही.” बास वाढवून पाहिला, उपयोग नाही. ट्रेबल वाढवला तर कानाला टोचतं. नेमकी कोणती फ्रिक्वेन्सी किती वाढवायची?

वाढवायचं नंतर बघू, आधी काढायचं काय ते ठरवू. तुम्ही वाढवलेला बास नुसता वाया गेलेला नाही, त्याने तुमचं नुकसान केलंय. ते कसं, हे कळलं की बाकीचे आकडे तुम्हाला कुणाला विचारावे लागणार नाहीत.

फोनचा स्पीकर जेमतेम नखाएवढा असतो. खालचे सूर वाजवायचे तर बरीच हवा ढकलावी लागते आणि एवढ्याशा पडद्याला ते जमत नाही. मॉडेलप्रमाणे कमीजास्त होतं, पण साधारण ५०० ते ८०० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. आता माणसाच्या आवाजाकडे बघा. बोलताना पुरुषाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ मध्ये. म्हणजे ज्याला आपण ‘आवाजाचा पाया’ म्हणतो तो फोनच्या स्पीकरवर जवळजवळ वाजतच नाही. तरीही आपण आवाज ओळखतो, कारण मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर वाजत असतात. ११० हर्ट्झच्या आवाजात २२०, ३३०, ४४०, ५५० असे सूर चढत जातात. त्यांच्यातलं अंतर सारखं असल्यामुळे मेंदू मूळ ११० चा सूर स्वतःच भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी पलीकडे वडील बोलतायत की काका, हे पहिल्या ‘हॅलो’लाच कळायचं.

मग बास वाढवला की काय होतं? डिजिटल फाइलला एक छत असतं, त्याच्या वर आवाज जाऊ शकत नाही. लाटेचा सर्वांत मोठा हिस्सा या खालच्या सुरांचा असतो, त्यामुळे छताला आधी तेच टेकतात. ऐकू न येणाऱ्या भागाने जागा अडवली की ऐकू येणाऱ्या भागाला खाली बसावं लागतं. शिवाय बऱ्याच फोनमध्ये स्पीकर फाटू नये म्हणून एक संरक्षण असतं. खालचा जोर आला की ते आवाज दाबतं, आणि बऱ्याचदा फक्त बास नाही तर सगळाच आवाज दाबतं. तुमच्या श्रोत्यांना शब्द मध्येच गिळल्यासारखे वाटत असतील तर त्यामागे हेही असू शकतं.

कोणाला ऐकवायचंय यावर थोडं अवलंबून आहे, ते आधी सांगतो. नोट फक्त फोनच्या स्पीकरवरच ऐकली जाणार असेल तर बास २०० हर्ट्झपर्यंत निर्धास्त कापा. निम्मे लोक हेडफोनवर किंवा गाडीत ऐकणार असतील तर इतकं कापू नका, त्यांना आवाज कोरडा लागेल. खाली जे सांगतोय ते या दुसऱ्या, मिश्र परिस्थितीसाठी आहे. फाइल दोन्हीकडे चालायला हवी, पण अडलं तर कौल फोनच्या स्पीकरला.

एक उदाहरण घेतो, कारण नुसत्या आकड्यांना अर्थ नसतो. मध्यंतरी माझ्याकडे ४८ सेकंदांची एक नोट आली. जाड आवाजाचे गृहस्थ, तोंडापासून चार बोटांवर धरलेला मोठा माइक, आणि पाण्याचा पंप कसा चालवायचा याच्या सूचना. त्यात एक वाक्य होतं: “टाकी भरल्यावर मागचा व्हॉल्व्ह बंद करायचा नाही.” स्पीकरवर ऐकणाऱ्या दोघांनी मागचा व्हॉल्व्ह बंद केला होता. त्यांना शेवटचं ‘नाही’ ऐकूच आलं नव्हतं. या ‘नाही’कडे पुढे येतो, आधी ईक्यू, म्हणजे कोणता पट्टा किती वाढवायचा आणि किती कापायचा ते.

पहिलं काम हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचं सगळं कापणारा. हेडफोन लावून तो ८० हर्ट्झपासून हळूहळू वर नेला. ज्या ठिकाणी आवाज बारीक व्हायला लागल्याची शंका आली तिथून थोडा मागे घेतला. या गृहस्थांच्या बाबतीत १४० वर थांबलो. उतार प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलचा, म्हणजे ७० हर्ट्झपाशी साधारण १२ डेसिबल घट. बायकांच्या आवाजाला मी १८० पर्यंत सहज जातो. फिल्टर लावल्यावर या फाइलची सर्वांत उंच शिखरं छताच्या १ डेसिबल खाली होती ती ५ डेसिबल खाली आली. फोनवर दोन्ही फाइली एकामागून एक वाजवल्या तर फरक कळत नव्हता, पण माझ्या हातात आता ४ डेसिबल मोकळे होते. एवढ्याने बोलणं उचलून धरता येतं आणि फोनच्या स्पीकरवर ते लगेच जाणवतं. दरवेळी इतके मिळतील असं नाही. हे गृहस्थ माइकच्या अगदी जवळ होते आणि एकाच दिशेने ऐकणारा माइक तोंडाजवळ धरला की बास आपोआप फुगतो. तुमच्या ‘भारदस्त’पणातला बराचसा हिस्सा तोच असावा अशी माझी शंका आहे.

दुसरी गोष्ट २५० हर्ट्झच्या आसपासची, जिथे आवाज बंद खोलीतून आल्यासारखा घुमतो. तिथे रुंद पट्ट्याने ३ डेसिबल कमी केले. खरं सांगायचं तर फोनच्या स्पीकरवर याने फारसा फरक पडत नाही. हे केलं ते हेडफोनवाल्यांसाठी, आणि पुढे लावायचा कंप्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं साधन, या घुमण्यावर उगाच दचकू नये म्हणून.

इथेच बहुतेकांचा हात चुकतो, माझाही चुकला होता. आवाज साफ करायचा म्हटलं की ३०० ते ५०० मधला ‘चिखल’ काढा असं सगळीकडे सांगितलेलं असतं. मोठ्या स्पीकरसाठी ते बरोबरच आहे. मी सवयीने ४५० वर ४ डेसिबल काढले. हेडफोनवर आवाज स्वच्छ झाला, म्हणून खूश होऊन फोनवर वाजवला तर पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं. कारण साधं आहे. मोठ्या स्पीकरवर आवाजाचं अंग १५० ते ३०० मध्ये असतं. फोनवर तो भाग गायब असतो, म्हणून अंगाची जबाबदारी वरच्या मजल्यावर, साधारण ५०० ते १००० हर्ट्झवर येते. तुम्ही ४५० वर रुंद खड्डा खणलात की त्याचा उतार या मजल्यापर्यंत पोचतो, आणि फोनकडे जेवढं अंग होतं तेही जातं. मी तो खड्डा बुजवला आणि उलट ७५० वर रुंद पट्ट्याने दीड डेसिबल चढवले. हेडफोनवर आवाज किंचित नाकात गेल्यासारखा झाला, पण फोनवर माणूस परत आला. आवाज पातळ झाला म्हणून तुम्ही बास वाढवायला गेलात ना, तिथे वाढवायची जागा ही होती. मात्र दोन डेसिबलच्या वर जाऊ नका, पुढे कर्णा वाजल्यासारखं वाटायला लागतं.

आता ट्रेबल. ‘ट्रेबल वाढवला’ म्हणजे तुम्ही बहुधा टोन कंट्रोल फिरवलात आणि ३००० हर्ट्झपासून वरचं सगळंच उचललंत. शब्द कळण्याच्या दृष्टीने त्या सगळ्याला सारखं महत्त्व नाही. साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये व्यंजनं एकमेकांपासून वेगळी होतात. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘कडी’ आणि ‘खडी’ यांतला फरक स्वराच्या आधीच्या आणि नंतरच्या त्या क्षणभराच्या फटकाऱ्यात आणि श्वासात असतो. त्याचा बराच भाग याच पट्ट्यात येतो. त्याच्या वर, ५००० ते ८००० मध्ये, ‘स’चा सिसकारा असतो. ‘श’ त्याच्यापेक्षा खाली बसतो. तुम्ही दोन्ही पट्टे एकत्र उचललेत म्हणून शब्द थोडे स्पष्ट झाले आणि ‘स’ चाकूसारखा झाला.

मी २८०० वर, मध्यम रुंदीने, ३ डेसिबल वाढवले आणि थांबलो. हात आखडता घ्यायला दोन कारणं आहेत. माणसाचा कान २००० ते ५००० च्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो आणि फोनचा छोटा स्पीकरही बहुधा याच भागात जोरात वाजतो. म्हणजे तुमचे ३ डेसिबल आधीच चढलेल्या ठिकाणी जाऊन बसतात. ६ केलेत तर पहिली दहा सेकंदं ‘वा, किती स्पष्ट’ वाटतं आणि अर्ध्या मिनिटाने ऐकणारा फोन लांब धरतो. ‘स’साठी आवाज लहान ठेवून एक अरुंद पट्टा ८ डेसिबल वर केला आणि ५००० पासून वर सरकवत नेला. जिथे सर्वांत जास्त टोचलं तो ‘स’चा अड्डा, इथे ६५०० निघाला. मग तोच पट्टा उलटा करून २ डेसिबल खाली दाबला. नोट मोठी असती तर डी-एसर वापरला असता, कारण तो फक्त ‘स’ आल्यावरच दाबतो.

याच्याही वर, ८००० च्या पुढे, व्हॉइस नोटमध्ये काही चढवण्यात अर्थ नाही. पाठवताना फाइल बारीक केली जाते आणि सॅम्पलिंग १६००० वर आणलं असेल तर ८००० च्या वरचं काही उरतच नाही.

आता ते ‘नाही’. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नेमका तिथेच श्वास संपत आलेला असतो, सूर खाली पडलेला असतो. लाटेचं चित्र पाहिलं तर ‘टाकी’चं शिखर छताच्या ५ डेसिबल खाली होतं आणि ‘नाही’चं २१ डेसिबल खाली. १६ डेसिबलची दरी. शांत खोलीत, हेडफोनवर ते ‘नाही’ व्यवस्थित ऐकू येतं. पंपाशेजारी हातात फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला वाक्य ‘बंद करायचा’पाशीच संपलं असं वाटतं. ही दरी कोणत्याही ईक्यूने भरत नाही, कारण ईक्यू सूर बघतो, शब्द बघत नाही. तुमच्या ‘अर्धं कळलंच नाही’मध्ये या गोष्टीचा वाटा किती, हे तुमची फाइल ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या नोटांपैकी बहुतेकींमध्ये तो असतोच.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी हाताने. ‘नाही’वर कर्सर नेऊन तेवढाच तुकडा ६ डेसिबल वर केला. अशी वाक्यांची शेपटं ४८ सेकंदांत सात निघाली, पाच मिनिटांचं काम. मग कंप्रेसर, ३ ला १ या प्रमाणात. मोठ्या शब्दांवर ४ ते ६ डेसिबल दाब पडेल अशी त्याची पातळी धरली. अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करताना तो घेतो तो वेळ, १० मिलिसेकंद ठेवला; त्यामुळे ‘ट’, ‘क’चा पहिला फटकारा दाबला जायच्या आत निसटतो. अटॅक १ मिलिसेकंद केलात तर तोच फटकारा चिरडला जाईल आणि ईक्यूने कमावलेलं कंप्रेसर गमावेल. शेवटी शिखरं अडवणारा लिमिटर, छताच्या २ डेसिबल खाली. अगदी छताला टेकवू नका, फाइल बारीक होताना शिखरं थोडी उसळतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. खालचं कापायचं ते कंप्रेसरच्या आधी, नाहीतर माइकवर आदळलेला प्रत्येक ‘प’ आणि टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का कंप्रेसरला खाली खेचेल. वाढवायचं ते नंतर. पडद्यावर काम करायचा कंटाळा असेल तर शेपटं हाताने वर केल्यावर बाकीचं सगळं `ffmpeg`च्या एका ओळीत होतं. वरच्या नोटचे आकडे असे दिसतील:

```
ffmpeg -i note.wav -ac 1 -af "highpass=f=140,\
equalizer=f=250:t=q:w=1:g=-3,\
acompressor=threshold=-20dB:ratio=3:attack=10:release=150:makeup=2,\
equalizer=f=750:t=q:w=0.7:g=1.5,\
equalizer=f=2800:t=q:w=0.9:g=3,\
equalizer=f=6500:t=q:w=3:g=-2,\
alimiter=limit=0.8:level=false" -c:a libopus -b:a 32k note.ogg
```

यातले १४०, ६५०० आणि `threshold` हे तीन आकडे तुमच्या आवाजाप्रमाणे बदलणारच, ते जसेच्या तसे उचलू नका. `-ac 1` म्हणजे मोनो. एका बाजूचा स्पीकर वाजणाऱ्या फोनवर स्टिरिओचे खेळ उपयोगाचे नाहीत, उलट कधी कधी दोन बाजू एकमेकींना खाऊन टाकतात.

तपासणी कशी करायची? काम करताना मी मुख्य आउटपुटवर तात्पुरता ५०० हर्ट्झचा हाय-पास ठेवतो, प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलचा. हा माझा नकली फोन. ढोबळ अंदाज येतो, दर वेळी फाइल फोनवर पाठवावी लागत नाही. फाइल काढताना तो बंद करायला विसरलो असाही एक दिवस होता, तेव्हा त्याला भडक रंग देऊन ठेवा. शेवटचा निर्णय मात्र खऱ्या फोनवरच. आवाज निम्म्यावर, फोन हाताच्या अंतरावर, मागे पंखा किंवा नळ चालू. एकदा हातात धरून, एकदा टेबलावर पालथा ठेवून. पूर्ण आवाजावर, कानाशी धरून तपासलं तर सगळंच पास होतं.

आणि तपासणारे तुम्ही नसावेत. मजकूर तुम्हाला पाठ असतो, गाळलेला शब्द तुमचा मेंदू गुपचूप भरतो. मी नोट ज्याने ऐकलेली नाही अशा माणसाला देतो आणि लिहून घ्यायला सांगतो. आकडे असतील तर उत्तमच. ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ फोनच्या स्पीकरवर वेगळे कळले तर तुमचा २००० ते ४००० चा पट्टा ठीक आहे असं समजा. ‘साल, चाल, शाल’ ओळीने म्हणून पाहा. ‘साल’ आणि ‘शाल’ यांची गल्लत होत असेल तर ‘स’ जास्त दाबला गेलाय. सगळे शब्द कळतायत पण ऐकणारा कपाळाला आठ्या घालतोय, तर २८०० वरून एक डेसिबल परत घ्या. आणि शब्दांची सुरुवात कळते पण वाक्याचा अर्थ उलटा लागतो, तर ईक्यूला हात न लावता शेपटं बघा.

काही रेकॉर्डिंगना यातलं काहीच लागू पडत नाही. लांबून बोललेलं आणि खोलीत घुमलेलं असेल तर २८०० वाढवताच घुमणंही तेवढंच वाढतं, कारण ते त्याच पट्ट्यात आहे. रेकॉर्ड करतानाच आवाज छताला आपटून फाटला असेल तर तो फाटलेपणा नेमका फोनच्या लाडक्या भागात करकरतो. तिथे ट्रेबल कमी करून फक्त टोचणं कमी होतं, शब्द परत येत नाहीत. नॉइज काढणाऱ्या फिल्टरने पाण्याखाली बोलल्यासारखा केलेला आवाज हाही त्यातलाच. अशी नोट मी परत पाठवतो. आणि मेसेजच्या अ‍ॅपमध्ये बटण दाबून थेट रेकॉर्ड केलेल्या नोटला ईक्यू लावायला जागाच नसते. वेगळं रेकॉर्ड करा, दुरुस्त करा आणि फाइल म्हणून पाठवा.

तुमच्या बाबतीत मी सुरुवात माइकपासून करीन. चार बोटांऐवजी वीतभर अंतर ठेवा, माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची हवा त्यावर आदळणार नाही. पंपवाल्या गृहस्थांनी पुढची नोट तशीच केली. तिला हाय-पास १०० वर पुरला, २५० ला हात लावावा लागला नाही, २८०० वर दोन डेसिबलच लागले. ‘नाही’ मात्र त्यांनी याही वेळी गिळलं होतं, ते हातानेच वर घेतलं.